पाठीवरची गाठ : चरबीची की सिस्ट?

पाठीवर लिंबाएवढी गाठ हाताला लागली की आधी मनात कॅन्सर येतो. बहुतेकदा ती लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ असते, नाहीतर एपिडर्मॉइड सिस्ट.

डॉक्टर गाठीची कड बोटाने दाबतात. लायपोमा मऊ असतो आणि बोटाखालून सटकतो. वरची त्वचा त्याला चिकटलेली नसते. सिस्ट मात्र त्वचेतूनच तयार होते. ती जरा घट्ट लागते आणि त्वचेसकट हलते. नीट उजेडात पाहिलं तर तिच्या मधोमध बारीक काळसर छिद्र दिसतं. हे छिद्र दिसलं की निदान जवळपास पक्कं. पण ते प्रत्येक सिस्टला नसतं, म्हणून न दिसल्यास सिस्ट नाहीच असं समजू नये.

खरी चूक पुढे होते. छिद्रातून दुर्गंधीचा पांढरट लगदा येतो म्हणून लोक सिस्ट पिळतात. हा लगदा म्हणजे केराटिन. आतली पिशवी फुटून तो आजूबाजूला पसरला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. शिवाय पिशवी आत राहिली तर गाठ पुन्हा भरते.

गाठ 5 सेंटीमीटरहून मोठी असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा खोलवर घट्ट रुतलेली वाटत असेल, तर सर्जनला लगेच दाखवा.