कोठारातली गणितं – भाग ६ : उडदाची डाळ, बिन कार्ड आणि चेन्नईतला डिसेंबर

केटरिंगच्या अभ्यासक्रमात कोठारावरचा प्रश्न आला की बहुतेक मुलं सूत्रं घडाघडा लिहितात, पण सूत्रात आकडा कोणता घालायचा इथे अडतात. म्हणून या भागात एकच जिन्नस घेऊ आणि शेवटपर्यंत सोडवू. राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून चेन्नईच्या तरमणीतल्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत गेलेल्या मराठी मुलांना तिथल्या स्वयंपाकघरात रोज जी भेटते, ती उडदाची डाळ.

समजा, मैलापूरमधल्या एका मोठ्या उपाहारगृहाच्या कोठाराचा प्रश्न आहे. उडीद डाळ दिवसाला साधारण २४ किलो लागते, कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त ३०. मागणी दिल्यापासून माल यायला साधारण ३ दिवस लागतात, लवकर आला तर २, उशीर झाला तर ४. एका वेळी ३० किलोची पाच पोती, म्हणजे १५० किलो मागवतात.

आधी रिऑर्डर लेव्हल, म्हणजे साठा कितीवर आला की मागणी पाठवायची. इथे वाईटात वाईट दिवस धरायचा असतो. सर्वाधिक खप ३०, सर्वाधिक विलंब ४ दिवस, गुणाकार १२०. किमान साठा काढताना मात्र सरासरीच्या दिवसात खपणारं त्यातून वजा करायचं : २४ गुणिले ३ म्हणजे ७२, आणि १२० मधून ७२ गेले की ४८ उरतात. कमाल साठ्यासाठी उलटा विचार. खप सगळ्यात कमी आणि माल सगळ्यात लवकर आला तर कोठारात गर्दी होते. म्हणून १२० अधिक १५०, वजा २० गुणिले २, एकूण २३०. कोणत्या सूत्रात कोणता खप घालायचा हे पाठ करण्यापेक्षा ‘मला इथे टंचाईची भीती आहे की गर्दीची’ एवढं विचारलं तर आकडा आपोआप सापडतो.

आता याच डाळीचं बिन कार्ड. १ तारखेला शिल्लक ६० किलो, दर ११० रुपये. २ तारखेला २५ किलो स्वयंपाकघरात गेली. ३ तारखेला १५० किलो आली, दर १२०. ४ तारखेला २८ आणि ५ तारखेला ३० किलो दिली. प्रश्न विचारतो : फिफो पद्धतीने ५ तारखेच्या मालाची किंमत किती?

२ तारखेनंतर जुन्या दराची ३५ किलो उरली. ४ तारखेची २८ किलो त्यातूनच गेली, राहिली फक्त ७. म्हणजे ५ तारखेच्या ३० किलोत ७ जुन्या दराची आणि २३ नव्या दराची. ७७० अधिक २,७६०, एकूण ३,५३० रुपये. पेपरात इथे हमखास ३,३०० किंवा ३,६०० दिसतात, कारण एकाच मागणीपत्रावर दोन दर लागू शकतात हे मुलांच्या लक्षात राहत नाही. उत्तर पडताळायचं असेल तर शेवटची शिल्लक बघा. १२७ किलो, सगळी १२० दराची, म्हणजे १५,२४० रुपये. तिन्ही वेळा दिलेल्या मालाची किंमत ९,३६०. दोन्हींची बेरीज २४,६००, आणि सुरुवातीचा साठा अधिक खरेदी हीसुद्धा तेवढीच.

मला यातली खरी मौजेची गोष्ट किमतीपलीकडची वाटते. ३ तारखेला माल आला तेव्हा कोठारात ३५ किलो होती, म्हणजे ४८ च्या किमान पातळीखाली. परीक्षक हे विचारत नाही, पण चांगल्या स्टोअरकीपरची नजर तिथेच थांबते. मागणी १२० वर असताना गेली असेल, तर मधे ८५ किलो खपली, म्हणजे सरासरी खपाचे साडेतीन दिवस. विलंबाच्या मर्यादेत आहे, पण रोजच्यापेक्षा जास्त. आणि मागणी १२० च्या खाली गेल्यावर पाठवली असेल, तर चूक पुरवठादाराची नसून आपल्या कार्डाची आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

कार्डावरचा फिफो आणि फळीवरचा फिफो हे मात्र एकच नव्हेत. हमाल घाईत नवी पोती जुन्यांच्या पुढ्यात लावतो आणि स्वयंपाकघरात पुढचं पोतं जातं. हिशेब बिनचूक राहतो आणि मागची डाळ मात्र जुनी होत जाते. चेन्नईच्या दमट हवेत तिला कीड लवकर लागते, आणि फार जुन्या उडदाचं पीठ वाटताना पुरेसं फुगत नाही, इडली बसते. ओळखायची खूण सोपी आहे : पोत्यावर आल्याची तारीख रंगवून ठेवायची आणि देताना ती बिन कार्डावरच्या सर्वांत जुन्या खेपेशी ताडून पाहायची. माल भिंतीपासून सुटा ठेवला तरच मागची पोती पुढे ओढता येतात.

आता डिसेंबर. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चेन्नईला झोडपतो, आणि डिसेंबरमध्येच मार्गळी संगीतोत्सव भरवणाऱ्या सभांची कँटीन भरलेली असतात. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चं मिचाँग वादळ, दोन्ही वेळी शहराचे रस्ते पाण्याखाली होते. अशा काळासाठी विलंब ४ ऐवजी ६ दिवस धरला तर रिऑर्डर लेव्हल ३० गुणिले ६, म्हणजे १८० होते. पण खेप १५० चीच ठेवली तर कमाल साठा २९० वर जातो, आणि नेमक्या दमट महिन्यात कोठार डाळीने भरतं. मार्ग असा : पातळी वाढवायची आणि खेप लहान करायची. पाचऐवजी तीन पोती, ९० किलो. १८० अधिक ९० वजा ४०, पुन्हा २३०. मागण्या जास्त वेळा पाठवाव्या लागतात, वाहतुकीचा खर्च वाढतो, ही त्याची किंमत आहे. शिवाय वाटेत असलेला मालही मोजायला हवा. फळीवरची डाळ आणि आधीच मागवलेली डाळ मिळून १८० वर आली की नवी मागणी, नाहीतर एकाच टंचाईवर दोन खेपा मागवल्या जातात.

नाशवंत मालाला हे लागू पडत नाही. तिथे पार लेव्हल असते : रोज ठरलेल्या वेळी साठा जिथपर्यंत भरून काढायचा ती पातळी. दह्याची पार ४० किलो आणि सकाळी १२ उरलं असेल तर मागणी २८ ची. ४० लिहिणारी मुलं पार लेव्हललाच मागणीचा आकडा समजतात. वादळाच्या इशाऱ्यानंतर दुधाची पार फारशी वाढवता येत नाही, कारण ते टिकत नाही. तेव्हा दूध पावडरची पार वाढवायची.

दूध-दह्याच्या पाकिटांबाबत आणखी एक अट आहे. एफएसएसएआयच्या २०११ च्या परवाना नियमांतल्या अनुसूची ४ मध्ये फिफोसोबत फेफोचाही उल्लेख आहे, म्हणजे ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. कालच्या गाडीतल्या पाकिटांची मुदत शुक्रवारपर्यंत आणि आजच्या गाडीतल्यांची गुरुवारपर्यंत असेल, तर आजची आधी जायला हवीत. प्रश्नात आल्याची तारीख आणि मुदत दोन्ही दिल्या असतील, तर देण्याचा क्रम मुदतीवरून लावा. किंमत फिफोने विचारली असेल, तर ती आल्याच्या तारखेवरून काढा.