‘अर्जंट’ लिहिलं की मंजुरी येते, हा गैरसमज

बोईसरला उतरून पामला राहणाऱ्या आणि तारापूर एमआयडीसीत अकाउंट्स सांभाळणाऱ्या माणसाच्या नशिबात एक काम हमखास असतं. कारखाना इथे, खर्च इथला, पण पैसे सोडायचा अधिकार मुंबईच्या हेड ऑफिसमधल्या साहेबांकडे. मधला दुवा म्हणजे मेल. मी बरीच वर्षं असे मेल लिहिले आणि त्यातले बरेच वाईट लिहिले. त्यातल्याच एका मेलची ही गोष्ट. पैसे होते एका महिन्याच्या वीजबिलाचे.

मेल अर्थात इंग्रजीत होता. मराठीत आणला तर साधारण असा:

“विषय: अर्जंट – पेमेंट अप्रूव्हल. आदरणीय सर, आपणांस कळवू इच्छितो की गेल्या महिन्यात आपल्या प्लँटमधले दोन्ही रिअॅक्टर पूर्ण महिना चालू होते. त्यामुळे विजेचा वापर वाढलेला आहे. सदर बिलाची मेंटेनन्स विभागाकडून तपासणी करून घेण्यात आलेली आहे. बिलाची रक्कम अंदाजे 18 लाख असून ते लवकरात लवकर भरणे आवश्यक आहे. अन्यथा वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता आहे. तरी कृपया मंजुरी द्यावी. सोबत बिल जोडले आहे.”

साहेब त्या संध्याकाळी डहाणू लोकलमध्ये उभे होते. फोनवर मेल आला की दिसतात पहिले पाच-सहा शब्द. त्यांना दिसलं ‘अर्जंट – पेमेंट अप्रूव्हल’. त्या दिवसातला तो त्यांचा चौथा ‘अर्जंट’ होता. मेल उघडला गेला दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, आणि उत्तर आलं, “किती? कधीपर्यंत? मागच्या महिन्यापेक्षा जास्त का?” मी उत्तरं लिहून पाठवेपर्यंत त्यांची मीटिंग सुरू झाली होती. मंजुरी आली तेव्हा तारीख उलटली होती. कंपनीचे 17,000 रुपये गेले. ते कसे, ते पुढे येतंच.

गैरसमज: साहेबांना आधी पार्श्वभूमी कळली पाहिजे

हा शाळेतल्या पत्रलेखनाचा वारसा आहे. ‘वरील विषयास अनुसरून’पासून सुरुवात, मग कारण, मग विनंती, शेवटी आकडा. तहसील कार्यालयातल्या अर्जाला ते शोभतं. मंजुरी देणाऱ्याचं डोकं मात्र वेगळ्या क्रमाने चालतं. किती पैसे, कोणाला, कधीपर्यंत आणि नाही दिले तर काय, ही चार उत्तरं मिळेपर्यंत तो बाकी काही वाचत नाही. वाचलं तरी ते त्याच्या डोक्यात टिकत नाही. दोन्ही रिअॅक्टर चालू होते ही माहिती महत्त्वाची आहे, पण आकडा कळल्यावर. आधी सांगितली तर ती सबब वाटते.

थेट रकमेपासून सुरुवात केली तर उद्धटपणा होईल, अशी भीती मलाही होती. ‘सर’ हा शब्द आणि ‘मंजुरी हवी आहे’ हे वाक्य एवढ्यात पुरेसा आदर मावतो.

गैरसमज: रक्कम अंदाजे लिहिली तरी चालते, बिल जोडलेलंच आहे

इथे जरा थांबू, कारण एकाच बिलाच्या तीन रकमा असतात आणि हे आमच्या हेड ऑफिसलाही ठाऊक नव्हतं.

महावितरणच्या दरपत्रकाप्रमाणे बिल निघाल्यापासून 7 दिवसांत पैसे भरले तर 1 टक्का सवलत मिळते. ही सवलत कर आणि वीजशुल्क वगळून उरलेल्या रकमेवर असते. देय तारीख उलटली तर 1.25 टक्के विलंब आकार लागतो, आणि तो कर-शुल्कासकट पूर्ण बिलावर. आमचं बिल होतं 18,40,000 रुपयांचं, त्यात कर-शुल्क 1,40,000. म्हणजे सवलत 17 लाखांवर, 17,000 रुपये. सवलतीच्या तारखेच्या आत भरले असते तर 18,23,000 लागले असते. त्यानंतर देय तारखेपर्यंत 18,40,000. तीही चुकली तर 23,000 वाढून 18,63,000. सर्वात कमी आणि सर्वात जास्त रकमेत फरक 40,000 रुपयांचा, आणि मी लिहिलं होतं ‘अंदाजे 18 लाख’. त्या तीन रकमांपैकी एकही 18 लाख नव्हती. शिवाय साहेबांनी 18 लाखांना मंजुरी दिली असती तर 18,23,000 पाठवायला मला पुन्हा विचारावं लागलं असतं.

गैरसमज: मुदत म्हणजे देय तारीख

बिलावर सवलतीची तारीख आणि देय तारीख, दोन्ही छापलेल्या असतात. आमच्या बिलावर त्या होत्या 13 आणि 21. आपल्याकडे 21 तारखेला मुदत म्हणायची सवय, म्हणून 17,000 दर महिन्याला कुठेतरी गळत राहतात आणि खातेवहीत तसं दिसतही नाही, कारण न मिळालेली सवलत कुठे नोंदली जात नाही.

साहेबांना सांगायची मुदत मात्र 13 तारीखही नाही. आरटीजीएस 14 डिसेंबर 2020पासून चोवीस तास, बारा महिने चालू आहे, म्हणून लोक समजतात की शेवटच्या रात्रीही पैसे जातील. यंत्रणा चालू असते, माणसं घरी गेलेली असतात. बँकेच्या पोर्टलवर मी एंट्री करतो, ती मुंबईतला दुसरा माणूस तपासून सोडतो. तो सहाला ऑफिस सोडतो. त्याच्या हातात दोन तास, माझ्या हातात एक तास आणि पोर्टल अडलं तर थोडी उसंत, असं उलट मोजत आलं की मंजुरी दुपारी 1पर्यंत हवी. मेलमध्ये हीच वेळ लिहायची. ‘लवकरात लवकर’ या शब्दांना घड्याळ नसतं.

गैरसमज: धोका जितका मोठा, तितकी मंजुरी लवकर

‘वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता’ हे माझं वाक्य घाबरवण्यासाठी होतं आणि ते खरं नव्हतं. वीज कायदा, 2003च्या कलम 56प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा तर आधी किमान पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आमचं बिल थकलेलंच नव्हतं, नोटीस कुठून येणार? ही गोष्ट साहेबांना माहीत होती. म्हणून त्यांनी धोक्याचं वाक्य सोडून दिलं, आणि त्याबरोबर खरी घाईही सोडून दिली. 17,000 हा आकडा ‘लाईट जाईल’पेक्षा लहान, पण तो तपासता येतो.

माल पुरवणाऱ्यांच्या पैशांबाबतही तेच. ‘व्हेंडर नाराज आहे’ हा धोका झाला नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006च्या कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलेलं असलं तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि लेखी करार नसेल तर 15. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. पंचेचाळिसावा दिवस कोणता, ती तारीख लिहा. नाराजी आपोआप कळते.

गैरसमज: पैसे कोणाला जाणार, ते नावावरून कळतंच

आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. नाव बरोबर आणि क्रमांक दुसऱ्याचा असेल, तर पैसे त्या दुसऱ्याकडे जातात. पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी 1 एप्रिल 2025पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. पोर्टलवर ती असेल तर वापरावीच. पण मंजुरीच्या मेलमध्ये खात्याचे शेवटचे चार आकडे, ते कुठून घेतले आणि याआधी त्याच खात्यात पैसे गेलेत का, हे असावं.

याला एक नाजूक कारण आहे. फसवणुकीचे मेलही असेच दिसतात: रक्कम, नाव, आजच्या आज, नाहीतर नुकसान. चार गोष्टी आधी मांडल्या म्हणून मेल खरा ठरत नाही. खाते बदललं असेल तर तो मेल कितीही नीट लिहिलेला असो, मंजुरीआधी पुरवठादाराला त्याच्या जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. नव्या मेलच्या खाली दिलेल्या नंबरवर नाही.

तोच मेल मी आता लिहिला असता तर असा:

“विषय: मंजुरी हवी – 18,23,000 रु. – महावितरण – शुक्रवार 13, दुपारी 1पर्यंत

सर, महावितरणला वीजबिलाचे 18,23,000 रुपये भरायला मंजुरी हवी आहे. शुक्रवारी दुपारी 1पर्यंत मिळाली तर त्याच दिवशी आरटीजीएस करतो.

13 तारीख चुकली तर 17,000ची सवलत जाईल. 21ही चुकली तर वर 23,000 विलंब आकार. पुरवठा तोडण्याची नोटीस नाही.

खातं बिलावर छापलेलं, नेहमीचंच. शेवटचे चार आकडे खाली दिलेत. गेल्या महिन्याचे पैसेही याच खात्यात गेले.

गेल्या महिन्याच्या 16,25,000पेक्षा हे बिल 2,15,000ने जास्त, कारण दोन्ही रिअॅक्टर पूर्ण महिना चालले. युनिट आमच्या लॉगशीटशी जुळवले. बिल जोडलंय. उत्तरात ‘मंजूर’ किंवा ‘थांबा’ एवढं पुरे.”

पार्श्वभूमी गेली नाही, फक्त खाली सरकली. ‘पुरवठा तोडण्याची नोटीस नाही’ हे वाक्य मी मुद्दाम ठेवलंय. धोका किती नाही हे सांगितलं की धोका किती आहे यावर विश्वास बसतो. विषयाच्या ओळीत ‘अर्जंट’ नाही, कारण ‘दुपारी 1पर्यंत’ आहे.

एक मर्यादाही सांगतो. हे सगळं बिल वेळेवर हातात आलं तरच. आमच्याकडे बिल येऊन मेंटेनन्सच्या टेबलावर चार दिवस पडायचं आणि मग माझ्याकडे तीन दिवस उरायचे. त्या चार दिवसांवर कोणताही मेल उपाय नाही. म्हणून युनिट जुळवायचं काम आता मी बिल आलं त्याच दिवशी, लॉगशीटच्या फोटोवरून करून घेतो.

पुढच्या महिन्यात नव्या पद्धतीचा मेल सकाळी 9.40ला पाठवला. 9.52ला उत्तर आलं: “मंजूर. ही सवलतीची तारीख दर महिन्याला असते का?”