मराठी पक्की की गणित?

मागच्या आठवड्यात आपण प्रमाण विचलन काढायला शिकलो. या आठवड्यात त्याच आकड्याची एक अडचण पाहू.

दहावीतल्या एका मुलीचे सहा चाचण्यांतले गुण उदाहरणादाखल घेऊ. मराठीत तिला ७८, ८४, ७४, ८०, ८६ आणि ७८ गुण मिळाले, सरासरी ८०. गणितात ४१, ३५, ३९, ४५, ३९ आणि ४१; सरासरी ४०. दोन्ही विषयांत ती सारखीच स्थिर आहे का, असा प्रश्न तिच्या पालकांना पडला. प्रमाण विचलन काढलं तर मराठीत ते ४ येतं आणि गणितात ३. म्हणजे गणितात चढउतार कमी. पण ८० गुण घेणाऱ्याला ४ गुणांचा फरक जाणवतही नाही, ४० गुणांवर मात्र ३ गुण चांगलेच बोचतात.

म्हणून विचलनाला सरासरीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. यालाच चलन गुणांक म्हणतात. शिकवताना बहुतेक जण नुसतं ‘सीव्ही’ म्हणतात. मराठीत ४ भागिले ८०, म्हणजे ५ टक्के. गणितात ३ भागिले ४०, म्हणजे साडेसात टक्के. निकाल उलटला: आता मराठी पक्की, गणित डळमळीत. गुण संगणकावर मांडले असतील तर एका ओळीत काम होतं:

```
=STDEV.P(B2:B7)/AVERAGE(B2:B7)*100
```

कार्ल पिअर्सन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये हे माप मांडलं. पुरुषांची शरीरमापं स्त्रियांपेक्षा सरासरीनेच मोठी असतात. मग दोघांमधली विविधता तोलायची कशी, असा त्याचा पेच होता. उंची, वजन यांसारख्या मापांना खरा शून्य असतो. शून्य किलो म्हणजे काहीच नाही. भागाकाराला अर्थ येतो तो त्यामुळेच.

गुणांचा शून्य मात्र तेवढा भरवशाचा नाही. आता वरचे आकडे पुन्हा पाहा. गणिताची चाचणी ८० गुणांची लेखी होती आणि मराठीच्या शंभरात अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण धरलेले होते, असं समजा. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत या दोन्ही विषयांना ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत अशीच विभागणी असते, त्यामुळे असा घोळ सहज होतो. अंतर्गत गुण बहुधा हात सैल सोडून दिले जातात. या मुलीला दर वेळी १८ मिळाले असं धरू.

एकास ८० आणि दुसऱ्यास १०० गुण, हा फरक इथे आड येत नाही. गणिताचे गुण शंभरापैकी करून घेतले तर सरासरी ५० आणि विचलन ३.७५ होतं, गुणांक साडेसातच राहतो. गुणाकाराने हे माप हलत नाही.

बेरजेने मात्र हलतं. प्रत्येक चाचणीत तेच १८ गुण मिळवले की विचलन जागचं हलत नाही, सरासरी तेवढी वर चढते. गणितातही ते १८ मिळवा: सरासरी ५८, विचलन ३, गुणांक सुमारे ५.२. मराठीचा ५. मघाशी दीडपट दिसणारं अंतर जवळजवळ संपलं, आणि मुलीच्या अभ्यासात तर तसूभरही बदल झालेला नाही! उलट दोन्हीकडचे अंतर्गत गुण वजा केले तर मराठीचा गुणांक सुमारे ६.५ आणि गणिताचा ७.५. तुलना करायची असेल तर ती अशी, फक्त लेखी गुणांवर करावी.

आणखी एक गंमत आहे. मिळालेल्या गुणांऐवजी गेलेले गुण मोजून पाहा. अंतर्गत गुण धरून शंभरापैकी मराठीत सरासरी २० गुण जातात, गणितात ४२. विचलनं तीच, ४ आणि ३. गुणांक येतात २० आणि सुमारे ७. म्हणजे चुका किती होतील हे गणितात जास्त ठरलेलं, मराठीत कमी! दोन्ही हिशेब बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. त्यामुळे ‘सीव्ही कमी म्हणजे विद्यार्थी सातत्याचा’ हे वाक्य कोणते गुण मोजले ते सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतं.

या मापाला चाचण्यांचा क्रमही दिसत नाही. ३५, ३७, ३९, ४१, ४३, ४५ असे गुण चढत गेले तरी सरासरी ४०च राहते आणि गुणांक ८.५ च्या घरात जातो, आपल्या मुलीच्या साडेसातपेक्षा वाईट. अशा मुलाला चंचल ठरवणं हा त्याच्यावर अन्याय होईल. तेव्हा गुणांक काढण्याआधी गुण तारखेच्या क्रमाने एकदा मांडून पाहा, आणि सरासरी दहा-बारा गुणांच्या खाली असेल तर हे माप वापरूच नका. एकदोन गुणांच्या फरकानेही तिथे ते भलतंच फुगतं.