लांबूनच अडवणारा सेनापती

पटावर काळ्याचा एकटा सेनापती उरला आहे, तोही आपल्या महालाच्या मागच्या कोपऱ्यात. समोरच्या टोकाला लाल सेनापती मधल्या उभ्या रेघेवर आहे आणि लालकडे एक रथ आहे. खेळी लालची. आपल्या बुद्धिबळात राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा असा डाव उरला, तर राजाला पट ओलांडून मदतीला जावं लागतं, आणि अचूक खेळूनही मात द्यायला कधी कधी १६ खेळ्या लागतात. शियांगचीत, म्हणजे चिनी बुद्धिबळात, इथे एकच खेळी पुरते. रथ काळ्या सेनापतीच्या रेघेवर आणला की मात.

शियांगचीचे मोहरे चौकोनांत नव्हे, तर रेघा जिथे छेदतात त्या बिंदूंवर ठेवतात. ९ उभ्या आणि १० आडव्या रेघांचे असे ९० बिंदू असतात. सेनापती आपल्या ९ बिंदूंच्या महालातून कधीच बाहेर पडत नाही आणि एका वेळी एकच घर सरळ सरकतो. रथ आपल्या हत्तीसारखा उभा-आडवा कितीही लांब जातो. (या खेळात हत्ती हा वेगळाच मोहरा आहे, तेव्हा नावाची गल्लत होऊ द्यायची नाही. चतुरंगातही हत्ती आणि रथ ही दोन निराळी अंगं होती.)

मग तो कोपऱ्यातला सेनापती मधल्या रेघेवर का सरकला नाही? दोन्ही सेनापती एकाच उभ्या रेघेवर, मध्ये एकही मोहरा नसताना, समोरासमोर येऊ शकत नाहीत. जो तशी खेळी करेल, त्याचा सेनापती समोरचा सेनापती रथासारखा झेप घेऊन मारेल, असं मानलं जातं. म्हणूनच या नियमाला उडत्या सेनापतीचा नियम म्हणतात. लाल सेनापती जागचा हललाही नाही, तरी मोकळी मधली रेघ त्याच्या ताब्यात होती. पुढे सरकावं, तर काळा सेनापती रथाच्याच रेघेवर राहतो.

या नियमाची खरी गंमत बचावाला दोन सल्लागार असताना दिसते. सल्लागारही महालातच राहतो आणि एक घर तिरका चालतो. समजा, काळा सेनापती शेवटच्या आडव्या रेघेवर मधोमध आहे, एक सल्लागार त्याच्या पुढे महालाच्या मध्यबिंदूवर आणि दुसरा सेनापतीच्या शेजारी, लालच्या बाजूने पाहता उजव्या कोपऱ्यात. लाल सेनापती मधल्या रेघेवर, रथ पटाच्या उजव्या कडेला मोकळा. बाकी पट रिकामा आहे आणि खेळी लालची.

इथे जाणकार रथ लांबच ठेवून महालाच्या डाव्या उभ्या रेघेवर आणतो. शह नाही, मारामारी नाही. पण आता काळ्याने खेळायचं काय? मध्यावरचा सल्लागार हलला, तर दोन सेनापती समोरासमोर येतात, म्हणजे तो जागेवर जखडलेला आहे. कोपऱ्यातल्या सल्लागाराला जायला मध्यबिंदू हे एकच घर, आणि ते आपल्याच मोहऱ्याने अडवलेलं. सेनापतीला डावीकडे एक घर मोकळं दिसतं, पण त्यावर रथाची नजर आहे. नियमात बसणारी एकही खेळी उरत नाही. आपल्याकडे अशी कोंडी झाली की डाव बरोबरीत सुटतो. शियांगचीत कोंडी झालेला हरतो.

याच स्थितीत खेळी काळ्याची असती तर? त्याच्याकडे एकच खेळी होती, सेनापती डाव्या कोपऱ्यात. मग रथ त्या रेघेवर येऊन शह देतो आणि सेनापती परत मध्यावर येतो. मध्यावरच्या सल्लागाराने रेघेवर तिरकं उतरून शह अडवला, तर रथ त्याला मारतो आणि लगेच मात होते, कारण मधली रेघ आता उघडी पडलेली असते. सेनापती परतला असेल, तर लालला एक वाट पाहणारी खेळी हवी. रथ त्याच रेघेवर एक घर मागे घ्यायचा, बस्स. कोंडी तशीच राहते आणि खेळायची पाळी काळ्यावर येते. रथ सक्रिय असणं म्हणजे सतत शह देणं नव्हे. मोकळ्या रेघेवर लांब उभा राहून, पकड न सोडता एक खेळी वाया घालवता येणं, हे त्याचं मोठं बळ आहे.

लाल सेनापती मात्र जागेवर हवाच. तो एक रेघ शेजारी असता, तर मध्यावरचा सल्लागार मोकळा झाला असता आणि रथाच्या त्याच खेळीने कोंडी झाली नसती. म्हणून मोहरे कमी होऊ लागले की अनुभवी खेळाडू आपला सेनापती मधल्या रेघेवर आधीच आणून ठेवतात.

दोन्ही सल्लागारांसोबत दोन्ही हत्तीही शाबूत असतील, तर मात्र एकटा रथ नीट खेळणाऱ्या बचावापुढे जिंकत नाही. हत्ती नदी ओलांडत नाहीत, पण आपल्या अर्ध्या पटावर तिरके दोन घरं फिरतात, त्यामुळे काळ्याकडे जवळजवळ नेहमीच एखादी निरुपद्रवी खेळी शिल्लक राहते, आणि चौघं एकमेकांना आधारही देतात. म्हणून अशा डावात लालचा खेळाडू रथाबरोबर एखादं प्यादं वाचवून ठेवायला धडपडतो, आणि काळ्याचा ते प्यादं टिपायला.