गाडी थांबलेली, नाडी धावती

नवी दिल्ली स्टेशनची पहाडगंजची बाजू. संध्याकाळच्या गाड्यांची वेळ. ई-रिक्षा, हातगाड्या, सामान ओढणारे प्रवासी आणि मधूनच उलट्या दिशेने घुसणारी दुचाकी. या गर्दीतून देशबंधू गुप्ता रोडकडे निघालेला चालक तासभर सीटवरून हललेला नसतो, तरी घरी पोचल्यावर मनगटावरचे घड्याळ त्याच्या नावावर व्यायामाची मिनिटे जमा करते. ती मिनिटे येतात कुठून?

हृदयात ठोके सुरू करणारी एक गाठ आहे, सायनस नोड. तिला तिच्या मनाप्रमाणे वागू दिले तर ती मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. निवांत बसलेल्या माणसाची नाडी ७०च्या आसपास राहते, कारण व्हेगस नावाचा मज्जातंतू तिच्यावर सतत ब्रेक दाबून असतो. समोरची रिक्षा अचानक वळली, मेंदूला झटपट निर्णय घ्यावा लागला, की तो आधी हा ब्रेक सैल करतो. त्याचा परिणाम एक-दोन ठोक्यांत दिसतो. ताण टिकला तर काही सेकंदांनी ॲड्रेनलिनच्या बाजूची यंत्रणाही कामाला लागते. ही वाढ स्नायूंनी मागितलेली नसते. पाय पळत नाहीत, जादा प्राणवायूची मोठी गरज नसते, तरी हृदय तयारीत उभे राहते. रक्तदाबही थोडा चढतो.

समजा, चालक ४२ वर्षांचा आहे. घरी पाच मिनिटे शांत बसल्यावर त्याची नाडी ७० येते, स्टेशनबाहेर खोळंबल्यावर ७८, आणि वाहनांच्या लोंढ्यात शिरताना ९२. पुष्कळ घड्याळे २२० मधून वय वजा करून कमाल गती धरतात. इथे ती १७८ येते. तिच्या निम्म्याला, म्हणजे ८९ला, व्यायाम सुरू झाला असे मानणारे घड्याळ ९२ला मिनिटे मोजू लागते. दुसरे घड्याळ विश्रांतीची गती आणि कमाल गती यांतला फरक पाहते. तो १०८ आहे, त्याचे ४० टक्के सुमारे ४३. ते ७० मध्ये मिळवले की उंबरठा ११३वर जातो, आणि त्याच ९२ला हे घड्याळ काहीच मोजत नाही. माणूस एक, रस्ता एक, हृदय एक. बदलले ते फक्त गणित. म्हणून मला ही मिनिटे आणि त्यावरून काढलेले उष्मांक दोन्ही बसल्या कामाच्या वेळी दुर्लक्ष करण्याजोगे वाटतात.

मात्र बुद्धीला लावलेला प्रत्येक ताण नाडी वाढवतोच असे नाही. जॉन आणि बिॲट्रिस लेसी या अमेरिकी दांपत्याने १९६०च्या दशकात दाखवले, की मनातल्या मनात आकडेमोड करताना नाडी चढते. पण बाहेरच्या एखाद्या खुणेची कान-डोळे रोखून वाट पाहताना ती किंचित मंदावू शकते. सिग्नल हिरवा होण्याची वाट पाहणे आणि लोंढ्यातून गाडी काढणे, यांत नाडी वेगळी वागते ती यामुळेच. सवयीनेही फरक पडतो. व्हिडिओ गेमची नवी पातळी पहिल्यांदा खेळताना ठोके वाढतात, तीच दहाव्यांदा खेळताना कमी वाढतात. अवघड हिशेबाची फाइल उघडल्यावर पहिली काही मिनिटे नाडी चढलेली असते, मग बहुधा उतरते.

आता आकडा खरा की खोटा, हे पाहू. घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडून परतलेल्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके ओळखते. दुचाकीचे हॅन्डल घट्ट आवळलेले, क्लच वारंवार दाबला जातो, इंजिन आणि खड्डे मनगटाला हादरे देतात. मग घड्याळ त्या हादऱ्यांनाच ठोके समजू शकते. आकडा क्षणात ८० वरून १४० झाला आणि लगेच खाली आला, तर आधी घड्याळावर संशय घ्यावा. गाडी बाजूला उभी करून अंगठ्याखालच्या धमनीवर दोन बोटे ठेवायची, ३० सेकंद ठोके मोजून दुप्पट करायचे. बोटांना ८४ आणि घड्याळाला १३० दिसत असतील तर बोटांचे ऐकावे.

दिल्लीच्या मे महिन्यात आणखी एक घोळ होतो. उष्णता आणि अंगातले कमी झालेले पाणी, दोन्ही नाडी वाढवतात. चहाही काहींची वाढवतो. तेव्हा ताणाचा वाटा वेगळा काढायचा तर सावलीत, पाणी पिऊन, बसून पाच मिनिटांनी नाडी मोजावी. वाहतुकीमुळे चढलेले ठोके बहुतेकांत काही मिनिटांत मूळ पातळीजवळ येतात. उन्हाचे सावकाश उतरतात. बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी मुळात फारशी चढतच नाही, त्यामुळे त्यांच्या घड्याळातला शांत आकडा मन शांत असल्याचा पुरावा धरू नये.

निवांत बसूनही नाडी सतत १००च्या वर राहत असेल, किंवा बोटांना ठोके वारंवार बेताल लागत असतील, तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्यावा. छातीत दुखले, दम लागला किंवा भोवळ आली तर आकडा कितीही असो, गाडी लगेच थांबवून मदत मागवावी.