पिंपामागे काय होतं?

फोटोतून एखादी वस्तू पुसली की तिच्यामागचं दृश्य उघडं पडतं, असा मुलांचा पक्का समज असतो. नववीच्या संगणकाच्या तासाला मी फोटोतली वस्तू काढणं आणि नवी घालणं शिकवते, तेव्हा टाचण वहीत उद्दिष्टाच्या रकान्यात पहिलं वाक्य या समजाबद्दलचं असतं. भिंतीसमोर निळं पिंप उभं असेल, तर पिंपामागची भिंत कॅमेऱ्याने टिपलेलीच नसते. त्या जागी फोटोत फक्त निळे ठिपके आहेत. ते काढले तर खाली काहीच नाही. जे काही दिसायला हवं, ते त्याच फोटोतल्या दुसऱ्या जागेवरून उसनं आणून तिथे बसवावं लागतं. कुठून आणायचं आणि ते बसलं की नाही हे कसं ओळखायचं, एवढंच या पाठात शिकायचं आहे.

त्यासाठी मी गिम्प वापरते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं. आज ते जगभरचे लोक मिळून सांभाळतात आणि कुणालाही फुकट मिळतं. एकदा संगणकावर बसवलं की इंटरनेट लागत नाही, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट फार मोलाची आहे. एका बटणावर वस्तू गायब करणारी मोबाइलवरची अ‍ॅप्स मुलांना माहीत असतात. या पाठात मी ती मुद्दाम बाजूला ठेवते, कारण त्यांत उसनवारी कुठून झाली ते दिसत नाही.

सरावाचा फोटो मी स्वतः काढते, आणि एक नाही, दोन काढते. आवारातली भिंत वर पिवळट, खाली गेरूचा पट्टा, त्याखाली मातीचं मैदान. भिंतीला लागून निळं प्लास्टिकचं पिंप, डावीकडे ध्वजस्तंभ. सकाळचं ऊन उजवीकडून येतं, त्यामुळे पिंपाची आणि स्तंभाची सावली डावीकडे पडलेली असते. एक फोटो असा. मग शिपाईमामांकडून पिंप हलवून घेऊन त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून दुसरा फोटो. हा दुसरा मी मुलांना दाखवत नाही. तो माझी उत्तरपत्रिका.

मोबाइलचा फोटो चार हजार ठिपके रुंद असतो आणि जुन्या संगणकावर ब्रश अडखळतो. म्हणून आधी `Image > Scale Image` मध्ये जाऊन रुंदी १६०० करून घ्यायची. मग `Layer > Duplicate Layer`, म्हणजे फोटोची एक प्रत थर म्हणून वर येते. सगळं काम या वरच्या थरावर करायचं. थराच्या नावापुढचा डोळा मिटला की खालचा मूळ फोटो दिसतो, आणि आपण काय बदललं ते कधीही ताडून पाहता येतं. आणखी एक काम पुसण्याआधीच उरकायचं : मोजपट्टीच्या टूलने पिंपाची उंची ठिपक्यांत मोजून वहीत लिहायची. ती का, हे मी तेव्हा सांगत नाही.

आता हत्यारं दोन. क्लोन टूल जिथून घ्यायचं तिथले ठिपके जसेच्या तसे उचलून दुसरीकडे ठेवतं. `Ctrl` दाबून भिंतीवर एका जागी क्लिक केलं की ती जागा उगम ठरते, आणि मग पिंपावर ब्रश फिरवला की तिथली भिंत इथे उमटत जाते. हील टूल दिसायला तसंच, पण वागायला वेगळं. ते उगमाकडून फक्त पोत घेतं, म्हणजे खडबडीतपणा, बारीक डाग, कण. रंग आणि उजेड मात्र ते जिथे ब्रश फिरतो तिथल्या आजूबाजूशी जुळवून घेतं. उजवीकडची उजळ माती उचलून डावीकडच्या मंद मातीवर लावली तर क्लोनचा तुकडा ठिगळासारखा दिसतो, हीलचा मिसळून जातो.

हे ऐकल्यावर सगळी मुलं हील टूलच घेतात, आणि पिंपाच्या कडेला ब्रश लागला की भिंतीवर निळसर धूर पसरतो. मी थांबवत नाही, तो धूर सगळ्यांना दिसू देते. हीलला आजूबाजूशी जुळवून घ्यायचं असतं, आणि आजूबाजूला अजून निळं पिंप आहे. मग त्याने निळा रंग घेतला यात त्याची चूक काय? म्हणून क्रम असा : आधी क्लोनने पूर्ण पिंप झाकायचं, निळ्याचा एक ठिपकाही उरू द्यायचा नाही. त्यानंतर मोकळ्या मातीवर आणि भिंतीच्या मधल्या भागात जिथे जोड दिसतो, तिथेच हील फिरवायचं. जिथे दोन रंग एकमेकांना भिडतात त्या रेषेवर हील लावायचं नाही.

ती रेषा हीच या पाठातली खरी परीक्षा. गेरूचा पट्टा आणि पिवळी भिंत यांची सीमा पिंपाच्या डावीकडून येते आणि उजवीकडे पुढे जाते, मध्ये ती आपल्याला ओढायची आहे. उगम भिंतीवर कुठेतरी धरून चालत नाही, तो नेमका त्या सीमारेषेवर धरावा लागतो, आणि पहिला फटकाही पिंपाला लागून असलेल्या त्याच रेषेवरून सुरू करावा लागतो. दोन-तीन ठिपक्यांनी चुकलं तरी रेषेला पायरी पडते. फोटो थोडा तिरका काढलेला असेल तर रेषाही उतरती असते, मग लांबचा उगम जुळत नाही, जवळचाच घ्यावा लागतो. मी मुलांना आधी रेषा पूर्ण करायला लावते आणि मग वरची भिंत, खालचा गेरू भरायला सांगते. रांगोळीत आधी रेषा, मग रंग, तसंच.

एक बारीक सोय इथे सांगायलाच हवी. टूलच्या पर्यायांत `Alignment` नावाची यादी असते. ती `None` वर असेल तर माउस सोडून पुन्हा दाबला की उगम परत पहिल्या जागी जातो. मूल आपलं टिचटिच क्लिक करत राहतं आणि तोच दगड, तोच डाग पाच वेळा उमटतो. ती `Aligned` वर ठेवली की उगम आणि ब्रश यांच्यातलं अंतर कायम राहतं. तरीही अधूनमधून नवा उगम घ्यावाच लागतो. मातीत एकाच आकाराचे दोन खडे सारख्या अंतरावर दिसले की डोळा लगेच पकडतो.

याचं जगाला ठाऊक असलेलं उदाहरण आहे. जुलै २००८ मध्ये इराणच्या क्षेपणास्त्र चाचणीचा एक फोटो जगभरच्या वृत्तपत्रांत पहिल्या पानावर झळकला. त्यात चार क्षेपणास्त्रं उडताना दिसत होती. नंतर त्याच क्षणाचा दुसरा फोटो समोर आला, त्यात तीनच उडत होती. चौथ्याचा धूर आणि खालची धूळ शेजारच्या क्षेपणास्त्रांकडून उचललेली होती. वृत्तसंस्थेला तो फोटो मागे घ्यावा लागला. हा फोटो मी सरावाच्या आधी दाखवत नाही, नंतर दाखवते. क्लोन टूल हाताळलेली मुलं धुराचे सारखे गोळे बोटाने दाखवतात.

पिंप गेलं की वर्ग खूश होतो. मग कुणीतरी म्हणतं, "बाई, सावली राहिली!" पिंप नाही आणि मातीवर त्याची लांबट सावली तशीच, अशी निम्म्या वर्गाची स्थिती असते. ती पुसल्यावर मी उत्तरपत्रिका उघडते. दुसऱ्या फोटोत पिंपाच्या जागी भिंतीतून नळ आलेला आहे, त्याखालचा गेरू पाण्याने फिकटला आहे आणि मातीत ओल आहे. मुलांच्या फोटोत तिथे कोरडी, सलग, नवी भिंत. एकाचाही फोटो खरा नाही, आणि खरा होणं शक्यही नव्हतं. पिंप नळाखाली ठेवलेलं असतं हे शाळेतल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण फोटोला माहीत नाही. तासिकेतली शेवटची दहा मिनिटं मी या दोन फोटोंसाठी राखून ठेवते.

पुढच्या तासिकेला त्याच मोकळ्या जागी तुळशीची कुंडी घालायची. `File > Open as Layers` ने कुंडीचा फोटो वर नवा थर म्हणून येतो. कुंडीभोवती निवड करून, ती `Select > Shrink` ने एक ठिपका आत घेऊन आणि कड किंचित मऊ करून त्या थराला मास्क लावायचा. मास्क म्हणजे थरावरची झाकण : काळं रंगवलं तिथे थर लपतो, पांढरं रंगवलं तिथे परत दिसतो. खोडरबराने पुसलेलं पान गेलं ते गेलं, मास्कने लपवलेलं पान परत आणता येतं. तुळशीची बारीक पानं कापताना मागच्या रंगाची किनार राहतेच. त्यावर माझा उपाय फोटो काढतानाचा आहे : कुंडी त्याच पिवळ्या भिंतीसमोर ठेवून टिपायची, म्हणजे राहिलेली किनारही भिंतीत मिसळते.

आता वहीतली ती उंची कामाला येते. खरं पिंप साधारण तीन फूट, फोटोत भरलं ३०० ठिपके. म्हणजे त्या जागी एक फूट म्हणजे १०० ठिपके. तुळशीसकट कुंडी दीड फूट, तर ती १५० ठिपके उंच हवी. हा हिशेब पिंपाच्याच जागी लागू, कारण कुंडी कॅमेऱ्याकडे पुढे आणली की ती मोठी दिसायला हवी.

आकार जमला तरी कुंडी हवेत तरंगते. तिला सावली नाही. ध्वजस्तंभाची सावली बघायची : डावीकडे, थोडी पुढे झुकलेली. कुंडीच्या थराखाली नवा थर घेऊन त्याच दिशेला सावलीचा आकार भरायचा, `Gaussian Blur` ने कड मऊ करायची आणि स्तंभाच्या सावलीइतकी गडद दिसेपर्यंत थराची अपारदर्शकता उतरवायची. उन्हातली सावली ठार काळी नसते, तिच्यातून माती दिसते. याशिवाय कुंडीच्या बुडाशी, माती टेकते तिथे, एक अरुंद आणि जास्त गडद रेघ लागते. ती दिली की कुंडी जमिनीवर बसते.

आणि कुंडीवरचं ऊन? एका गटाच्या कुंडीचा फोटो दुपारनंतरचा होता, तिची डावी बाजू उजळ. त्यांनी ती फ्लिप टूलने आडवी उलटवली, ऊन बरोबर उजवीकडून आलं आणि कुंडीवर रंगवलेलं ‘९ अ’ उलटं झालं. मग तेवढा भाग हील टूलने पुसून कुंडी कोरी केली. उसनवारी कुठे करायची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

काम `XCF` मध्ये जतन करायचं, म्हणजे थर शाबूत राहतात. `JPG` फक्त `File > Export As` ने शेवटी, त्यात सगळे थर एकजीव होतात.

मूल्यमापनाला बाकं बदलतात. प्रत्येक गट दुसऱ्याचा फोटो शंभर टक्के मोठा करून तपासतो : सारखे खडे, तुटलेली रेषा, पुसट डाग, सावलीची दिशा. शिवाय प्रत्येकाने वहीत लिहायचं असतं की काय काढलं, काय घातलं आणि पिंपाच्या जागेवरची भिंत फोटोतल्या कोणत्या कोपऱ्यातून आणली. दहापैकी चार गुण या नोंदीला आहेत. फोटो कितीही बेमालूम असला, तरी नोंद कोरी असेल तर ते चार गुण मी देत नाही.