अंदाज किती चुकला? एमएई, आरएमएसई की आर-स्क्वेअर्ड

श्रीखंडाच्या डब्यांचा दहा दिवसांचा अंदाज घ्या. नऊ दिवस विक्री झाली ३५, ३७, ३७, ३९, ४०, ४१, ४३, ४३, ४५, आणि अंदाज रोज ४ डब्यांनी चुकला. दहाव्या दिवशी पाडवा! १०० डबे गेले, अंदाज होता ४६.

एमएई म्हणजे चुकांची साधी सरासरी: (९ × ४ + ५४) ÷ १० = ९ डबे. आरएमएसईमध्ये आधी प्रत्येक चुकीचा वर्ग करायचा, मग सरासरी, मग वर्गमूळ. येतं साधारण १७.५. पाडवा वगळला तर दोन्ही ४च. त्यामुळे दोघांत मोठं अंतर दिसलं की समजायचं, मध्ये एखादा वेगळाच दिवस लपलाय.

आता पाडव्याचा अंदाज सुधारून ९० करा. आर-स्क्वेअर्ड ०.९३! खूश झालात? थांबा. हा आकडा विचारतो, रोज नुसती सरासरी सांगितली असती तर त्यापेक्षा तुम्ही किती बरे? पाडव्यामुळे सरासरीचीच चूक प्रचंड वाढते, म्हणून तुम्ही हुशार दिसता. फक्त नऊ दिवस घेतले तर आर-स्क्वेअर्ड उणे ०.६४ येतो. म्हणजे रोज डोळे झाकून ४० सांगितले असते तरी बरं झालं असतं.

मी तरी रोजच्या ऑर्डरसाठी एमएई सांगतो, आणि सणाची चूक शेजारी वेगळी लिहितो, गुपचूप गाळत नाही. एका दिवशी माल संपला आणि गिऱ्हाईक कायमचं तुटलं, असा धंदा असेल तर मात्र आरएमएसईच दाखवा.